टप्प्याटप्प्याने आलेली योजना आणि फसवी सरासरी: फरकातील फरक कसा काढावा

विदर्भातल्या पाणलोट, शेततळी किंवा ठिबकच्या कामांचे मूल्यमापन अहवाल पाहिले की एक समीकरण हमखास भेटतं. गावाचा फिक्स्ड इफेक्ट, वर्षाचा फिक्स्ड इफेक्ट आणि 'काम झालं की नाही' हा 0 किंवा 1 चा रकाना. त्या रकान्याचा गुणांक म्हणजे योजनेचा सरासरी परिणाम, असं धरून पुढचा सगळा निष्कर्ष लिहिला जातो. सगळ्या लाभार्थी गावांत काम एकाच वर्षी झालं असेल आणि तुलनेला काम न झालेली गावं असतील तर हे चालून जातं. पण आपल्याकडे योजना अशी येत नाही. यंदा तालुक्यातली काही गावं, दोन वर्षांनी आणखी काही, आणि काही गावांचा नंबर शेवटपर्यंत लागतच नाही. अशा वेळी तो गुणांक खऱ्या परिणामाच्या निम्मा येऊ शकतो, शून्याजवळ येऊ शकतो, कधी चक्क उणेही येतो. चूक सॉफ्टवेअरची नसते. कुणाची तुलना कुणाशी झाली, हे आपण पाहिलेलं नसतं.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे: नाला खोलीकरण आणि सिमेंट नाला बांधांमुळे गावातलं रब्बीचं ओलित, म्हणजे हरभरा आणि गव्हाचं क्षेत्र, किती एकरांनी वाढलं? उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून रचलेले आहेत. कागद-पेन घेऊन बसलात तर सगळं हाताने पडताळता येईल.

## टप्पा 1: कामाचं वर्ष पक्कं करा

बहुतेक चुका इथेच होतात, आणि पुढे कितीही चांगली पद्धत वापरली तरी त्या निघत नाहीत.

एका कामाच्या फाइलमध्ये किमान चार तारखा असतात: प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटचं देयक. आपल्याला हवी ती तारीख यांपैकी कुठलीच नाही. आपल्याला हवा तो पूर्ण झालेल्या कामात पाणी अडलेला पहिला पावसाळा, आणि त्यानंतरचा रब्बी हंगाम. काम मे 2016 मध्ये पूर्ण झालं असेल तर पहिलं वर्ष रब्बी 2016-17. आपण त्याला '2016' म्हणू.

याद्या मात्र आर्थिक वर्षाने मिळतात, आणि बिलं निघतात मार्च एंडला. फेब्रुवारी-मार्च 2016 मध्ये पूर्ण झालेलं काम यादीत 2015-16 खाली असतं. पण 2015 चा पावसाळा तर केव्हाच संपलेला होता! त्या कामाने अडवलेलं पहिलं पाणी 2016 च्या पावसाळ्यातलं. यादीतलं वर्ष जसंच्या तसं उचललं तर अशी सगळी गावं एक वर्ष आधी 'लाभार्थी' होऊन बसतात. म्हणून यादीवर न थांबता पूर्णत्वाच्या दाखल्याचा महिना मागा. तो मिळत नसेल तर कृषी सहायकाला सरळ विचारा, 'नाल्यात पहिलं पाणी कोणत्या साली थांबलं?' गावात हे लोकांच्या लक्षात असतं.

वर्ष कोणत्या बाजूला चुकलं, यानेही फरक पडतो. एक वर्ष आधीचं धरलं तर पहिल्या 'लाभाच्या' वर्षी परिणाम शून्य दिसतो, सरासरी थोडी खाली येते, पण चूक आलेखात उघडी पडते. एक वर्ष उशिराचं धरलं तर ज्या वर्षापासून आपण वाढ मोजणार, त्या पायाच्या वर्षातच परिणाम शिरतो. मग प्रत्येक पुढचा आकडा गुपचूप कमी येतो आणि आलेखात कामानंतरच्या वर्षांत काही खटकत नाही. ही दुसरी चूक जास्त वाईट. काम ऑगस्टमध्ये, निम्मा पावसाळा गेल्यावर पूर्ण झालं असेल तर त्याच वर्षाचा अर्धवट परिणाम पहिला परिणाम म्हणून मोजा. ते वर्ष पाया म्हणून वापरू नका.

तपासा: एकदा काम झालं की गाव कायम 'काम झालेलं'च राहिलं पाहिजे. बांधात गाळ भरून तीन वर्षांत उपयोग संपला म्हणून रकान्यात परत 0 लिहू नका. गाळ भरणं हाही त्या कामाचा परिणामच आहे, वर्षागणिक कमी होत जाणारा, आणि तो तसाच दिसला पाहिजे.

इशारा: आकडेवारीच्या पहिल्या वर्षाच्या आधीच ज्यांचं काम झालं होतं, ती गावं बाजूला काढा. त्यांची कामापूर्वीची स्थिती आपल्याकडे नाही, त्यामुळे ती ना लाभार्थी म्हणून उपयोगी, ना तुलनेसाठी.

## टप्पा 2: गावांचे गट पाडा, आणि तुलनेची गावं डोळ्यांनी पाहा

ज्या गावांचं पहिलं वर्ष एकच, त्यांचा एक गट. 2016 चा गट, 2018 चा गट, आणि कधीच काम न झालेला गट. प्रत्येक गटात किती गावं आहेत ते लिहून ठेवा. एखाद्या गटात चार-पाचच गावं असतील तर त्या गटाचा स्वतंत्र आकडा छापू नका. त्याची चूक-मर्यादा काढणाऱ्या सूत्रांना इतक्या कमी गावांवर भरवसा नसतो.

महसुली गाव आणि ग्रामपंचायत यांची गल्लत इथेच सोडवायची. गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावं असतात, आणि काम त्यातल्या एकाच शिवारात झालेलं असतं. रिठी गावांना वस्ती नाही म्हणून ती लोकसंख्येच्या यादीतून गळतात, पण त्यांच्या शिवारात शेती आणि ओलित असतंच. सगळे तक्ते जनगणनेच्या गाव-कोडवर जोडा, नावावर नको. 'पिंपळगाव' नावाने जोडणी केली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता 'कधीच नाही' गटाची यादी नकाशावर टाका. ही गावं का सुटली? अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातली गावं त्यात जास्त असतील, तर तिथे विहिरीचं पाणीच खारं. कालव्याच्या लाभक्षेत्रातली गावं असतील, तर त्यांना नाल्याची गरज नव्हती आणि त्यांचं ओलित धरणाच्या आवर्तनावर हलतं. भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव असलेली गावं असतील, तर धानाच्या त्या शिवाराचं गणितच निराळं. अशी गावं 'काम झालं नसतं तर काय झालं असतं' याचा आरसा होऊ शकत नाहीत. त्यापेक्षा ज्यांचं काम पुढे होणार आहे पण अजून झालेलं नाही, अशी गावं बहुतेक वेळा जास्त सारखी असतात. निकष तेच, नंबर फक्त उशिरा लागलेला.

तपासा: तुलनेची गावं ठरवताना एकच प्रश्न विचारा: पाऊस कमी-जास्त झाला तर या गावांचं ओलित लाभार्थी गावांइतकंच खाली-वर जातं का? पातळी वेगळी असली तरी हरकत नाही. हालचाल सारखी हवी.

## टप्पा 3: समीकरणाआधी साधा तक्ता मांडा

आपल्या उदाहरणात तीन सारख्या आकाराचे गट आहेत. 'अ' चं काम 2016 पासून लागू, 'ब' चं 2018 पासून, 'क' मध्ये कधीच नाही. आकडे म्हणजे दर गावी रब्बी ओलिताचे सरासरी एकर.

| गट | 2015 | 2016 | 2017 | 2018 | 2019 |
|---|---|---|---|---|---|
| अ (2016 पासून) | 100 | 120 | 105 | 110 | 155 |
| ब (2018 पासून) | 120 | 130 | 105 | 110 | 155 |
| क (कधीच नाही) | 150 | 160 | 135 | 130 | 165 |

हा तक्ता मी असा रचला आहे: 2015 शी तुलना करता पावसामुळे सगळ्यांचं ओलित 2016 मध्ये 10 ने वाढलं, 2017 मध्ये 15 ने आणि 2018 मध्ये 20 ने कमी झालं, 2019 मध्ये 15 ने वाढलं. कामाचा परिणाम पहिल्या वर्षी 10 एकर, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40. हा वाढता परिणाम मुद्दाम ठेवला. नाल्यात पाणी थांबलं म्हणून त्याच वर्षी कोणी गहू पेरत नाही. आधी विहिरीला पाझर दिसतो, मग मोटर आणि पाइप येतात, मग तुरीच्या मागे हरभरा आणि शेवटी गहू.

काम झालेल्या सगळ्या गट-वर्षांचा खरा सरासरी परिणाम असा: 10, 20, 30, 40 (अ) आणि 10, 20 (ब). बेरीज 130, भागिले 6, म्हणजे सुमारे 21.7 एकर. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आता फक्त 'अ' आणि 'ब' च्या ओळी पाहा. 2017 पासून दोन्ही गटांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत: 105, 110, 155. आलेख काढला तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. 2018 मध्ये 'ब' चं काम लागू झालं. 'ब' 105 वरून 110 वर गेला, 'अ' पण 105 वरून 110 वर. दोन बदलांमधला फरक, म्हणजेच फरकातील फरक, शून्य! कोणीही म्हणेल की 'ब' मधल्या कामाचा काही उपयोग झाला नाही. खरा परिणाम 10 एकर होता. तो दिसला नाही, कारण ज्या 'अ' शी तुलना केली तो गट स्वतःच कामामुळे वर्षाला 10 एकरांनी चढत होता. 'अ' ची चढ 'पावसामुळे झालेला बदल' समजून आपण 'ब' मधून वजा केली.

सुरुवातीला सांगितलेलं गाव आणि वर्ष अशा दोन्ही फिक्स्ड इफेक्टचं, म्हणजेच टू-वे फिक्स्ड इफेक्ट्सचं समीकरण ही तुलना आपल्याला न विचारता करतं. आधीच लाभार्थी झालेल्या गावाचा रकाना 2016 नंतर बदलत नाही, सतत 1 राहतो. समीकरणाच्या लेखी 'न बदलणारा' तो तुलनेचा गट. तो 0 वर थांबला आहे की 1 वर, याच्याशी समीकरणाला देणंघेणं नाही.

## टप्पा 4: टू-वे गुणांकाचं पोस्टमॉर्टम करा

आधी 'क' गट नाहीच असं समजा. अनेक योजनांत शेवटी सगळ्याच गावांचा नंबर लागतो, तेव्हा ही वेळ खरोखर येते. 'अ' आणि 'ब' या दोनच गटांवर पाच वर्षांचं टू-वे समीकरण चालवलं तर गुणांक येतो 1.67 एकर. खरी सरासरी 21.7, हाती आले पावणेदोनपेक्षाही कमी.

हा आकडा कुठून आला, ते अँड्र्यू गुडमन-बेकन यांच्या 2021 च्या विघटनाने सुटं करून पाहता येतं. गुणांक म्हणजे दोन-दोन गटांच्या तुलनांची भारित सरासरी असते. इथे दोनच तुलना आहेत. पहिली, 'अ' विरुद्ध अजून काम न झालेला 'ब', वर्षं 2015 ते 2017: उत्तर 15, भार एक तृतीयांश. दुसरी, 'ब' विरुद्ध आधीच काम झालेला 'अ', वर्षं 2016 ते 2019: उत्तर उणे 5, भार दोन तृतीयांश. 15 चा तिसरा हिस्सा 5, त्यातून 3.33 वजा, उरले 1.67. चुकीच्या तुलनेचा भार बरोबर तुलनेच्या दुप्पट आहे, आणि ही वाटणी आपण केलेली नाही. कोणाचं काम किती वर्षं चालू होतं, त्यावरून ती आपोआप ठरली.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर 'अ' च्या 2018 आणि 2019 च्या परिणामांना, म्हणजे 30 आणि 40 एकरांना, या गुणांकात प्रत्येकी उणे एक तृतीयांश भार मिळाला आहे. 'अ' मध्ये काम जितकं चांगलं टिकलं, तितका योजनेचा 'सरासरी परिणाम' घसरला. 2019 मध्ये 'अ' चा परिणाम 40 ऐवजी 60 असता तर गुणांक उणे 5 आला असता. एकाही गावात नुकसान नसताना अहवालात मात्र नुकसान छापलं गेलं असतं.

आता 'क' परत घ्या. गुणांक 12.5 होतो. बरा, पण खऱ्याच्या अजून बराच खाली. विघटन असं:

| तुलना | उत्तर | भार |
|---|---|---|
| अ विरुद्ध क | 25 | 0.25 |
| ब विरुद्ध क | 15 | 0.375 |
| अ विरुद्ध अजून न झालेला ब | 15 | 0.125 |
| ब विरुद्ध आधीच झालेला अ | −5 | 0.25 |

शेवटची ओळ काढून उरलेल्यांचे भार त्याच प्रमाणात वाढवले तरी उत्तर 18.3 येतं, 21.7 नाही. म्हणजे दोष एकटा नाही. एक, निषिद्ध तुलना, म्हणजे आधीच काम झालेल्या गटाशी केलेली तुलना. दोन, भारांची वाटणी: ज्या गटाचं काम कालावधीच्या मध्याजवळ सुरू झालं त्याला जास्त भार मिळतो. आपल्या 'ब' ला 'अ' पेक्षा जास्त मिळाला, तो याचमुळे. 'ब' मध्ये काम जास्त मोलाचं होतं म्हणून नाही.

आर मध्ये हे विघटन दोन ओळींत होतं:

```r
library(bacondecomp)
b <- bacon(olit ~ kaam, data = d,
           id_var = "gaon_id", time_var = "varsh")
```

निकालात `Later vs Earlier Treated` या प्रकाराच्या ओळींचा एकूण भार आणि त्यांची उत्तरं पाहा. भार मोठा आणि उत्तरं बाकीच्यांपेक्षा खूप खाली (किंवा वर) असतील तर टू-वे गुणांक अहवालात मुख्य आकडा म्हणून देऊ नका. भार नगण्य असेल तर निषिद्ध तुलनेचा दोष जवळजवळ उरत नाही, भारांच्या वाटणीचा मात्र राहू शकतो. परिणाम पहिल्याच वर्षी पूर्ण होऊन पुढे स्थिर राहत असेल आणि गटागटांत सारखा असेल, तर टू-वे चुकत नाही. 'टू-वे म्हणजे वाईट' असा उलटा नियमही काही ठिकाणी ऐकू येतो, तोही खरा नाही.

इशारा: या विघटनाला संतुलित तक्ता लागतो, म्हणजे प्रत्येक गावाचं प्रत्येक वर्ष भरलेलं हवं. पीक पाहणीचे आकडे गहाळ असलेली गावं गुपचूप टाकून देऊ नका. किती टाकली आणि ती कोणत्या गटातली, ते लिहा.

## टप्पा 5: गट-वर्षाचे परिणाम हाताने काढा

पर्यायी रीत सोपी आहे, आणि ती एकदा तरी कॅल्क्युलेटरवर करून पाहावी. प्रत्येक गटासाठी आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळा परिणाम काढायचा. पायाचं वर्ष म्हणजे काम लागू होण्याच्या लगेच आधीचं, 'अ' साठी 2015, 'ब' साठी 2017. तुलनेला फक्त असा गट, ज्याचं त्या वर्षापर्यंत काम झालेलं नाही.

'अ', वर्ष 2018: 'अ' चा बदल 110 वजा 100, म्हणजे 10. 'क' चा बदल 130 वजा 150, म्हणजे उणे 20. फरक 30. दुष्काळी वर्षातही 'अ' चं ओलित टिकलं, हे यातून उघड होतं. नुसते 100 आणि 110 पाहून ते कळलं नसतं.

'ब', वर्ष 2018: 'ब' चा बदल 5, 'क' चा बदल उणे 5. फरक 10. मघाशी 'अ' शी तुलना करून शून्य आला होता, तोच हा आकडा.

'अ', वर्ष 2017: इथे 'क' आणि 'ब' दोघेही तुलनेला चालतात, कारण 'ब' चं काम 2018 चं. 'ब' चा बदल 105 वजा 120, उणे 15. 'क' चा 135 वजा 150, तोही उणे 15. 'अ' चा बदल 5. फरक 20. दोन तुलना-गट एकच उत्तर देत आहेत, ही चांगली खूण. खऱ्या आकडेवारीत ते थोडेफार वेगळे येतीलच. खूप वेगळे आले तर टप्पा 2 कडे परत जा.

तपासा: 'क' नसेल तर 'अ' चे 2018 आणि 2019 चे परिणाम काढायला कोणीच उरत नाही. 'ब' चा तर एकही परिणाम काढता येत नाही. ही मर्यादा आहे, कोणत्याही पॅकेजने ती जात नाही. एखादं पॅकेज त्या वर्षांचा आकडा देत असेल तर तो कुठल्या गृहीतकावर आला ते आधी शोधा.

## टप्पा 6: खऱ्या आकडेवारीवर चालवा

कॅलावे आणि सांत'आना यांची 2021 ची पद्धत वरचंच काम करते, सोबत चूक-मर्यादाही देते. आर मध्ये:

```r
library(did)
m <- att_gt(yname = "olit", tname = "varsh",
            idname = "gaon_id", gname = "pahile_varsh",
            control_group = "notyettreated",
            base_period = "universal", data = d)
```

`pahile_varsh` हा रकाना गावागणिक एकच असतो, दर वर्षी बदलत नाही. काम कधीच न झालेल्या गावासाठी त्यात 0 लिहा. हा रकाना मोकळा सोडणं ही नेहमीची चूक आहे. मोकळ्या ओळी आकडेमोडीतून बाहेर पडतात, आणि तुमचा 'कधीच नाही' गट पूर्ण गायब होतो. चालवण्याआधी आणि नंतर गावांची संख्या मोजा.

`notyettreated` लिहिल्यावर अजून काम न झालेली आणि कधीच न झालेली, दोन्ही गावं तुलनेला येतात. काहीच लिहिलं नाही तर पॅकेज फक्त कधीच न झालेली घेतं, आणि खारपाणपट्टा तुमच्या नकळत आरसा होऊन बसतो. 'कधीच नाही' गट टप्पा 2 मध्ये नापास झाला असेल तर त्याच्या ओळी आधीच काढून टाका.

गावं एकेकटी निवडली गेली असतील तर चूक-मर्यादा गावाच्या पातळीवर काढा. निवड पाणलोट समूहाची झाली असेल, म्हणजे एका समूहातली सगळी गावं एकत्र आली असतील, तर क्लस्टर समूहाचा. गाव-वर्षाच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र मानलं तर फुशारकी मारण्याइतके चांगले पी-मूल्य मिळतील आणि ते खोटे असतील.

## टप्पा 7: सरासरी कोणती, ते आधी ठरवा

गट-वर्षाचे सहा आकडे हाती आले. आता एक आकडा द्यायचा तर कोणता? आपल्या उदाहरणात:

सगळ्या गट-वर्षांची साधी सरासरी 21.7. आधी गटाची सरासरी काढून (अ 25, ब 15) मग गटांची सरासरी: 20. कामानंतर किती वर्षं झाली त्यानुसार (10, 20, 30, 40) सरासरी: 25. तिन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. 'एका लाभार्थी गावाला आतापर्यंत सरासरी काय मिळालं' असं विचारणाऱ्याला 20 द्या. 'चार वर्षांत परिणाम कसा वाढतो' असं विचारणाऱ्याला एक आकडा न देता चारही आकड्यांचा आलेख द्या.

त्या आलेखात एक फसगत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे आकडे फक्त 'अ' गटाचे आहेत. 'ब' तिथवर पोचलाच नाही. 'अ' ची जमीन मुळात चांगली असती, तर पहिल्या दोन वर्षांनंतर आलेख उगाच उसळलेला दिसला असता. त्यामुळे सोबत संतुलित आलेख काढा, ज्यात दोन्ही गट असलेलीच वर्षं येतात:

```r
aggte(m, type = "dynamic")
aggte(m, type = "dynamic", balance_e = 1)
aggte(m, type = "group")
```

आपल्या आकड्यांवर संतुलित सरासरी 15 येते (10 आणि 20 ची). ती कमी आहे म्हणून लपवू नका. ती दोनच वर्षांची आहे, एवढं लिहा.

## टप्पा 8: कामाआधीची वर्षं वाचा

`universal` पाया निवडल्यामुळे आलेखात कामाआधीचं प्रत्येक वर्ष पायाच्या वर्षाशी, म्हणजे काम लागू होण्याच्या लगेच आधीच्या वर्षाशी ताडून दिसतं. ते आकडे शून्याच्या आसपास असावेत. हा आलेख टू-वे समीकरणात आधीच्या-नंतरच्या वर्षांचे रकाने घालून काढू नका. तिथे एका वर्षाच्या आकड्यात दुसऱ्या वर्षांचे परिणाम मिसळतात, त्यामुळे सपाट दिसणारी रेषाही भरवशाची नसते.

आपल्याकडे एक नमुना वारंवार दिसेल: कामाआधीची सगळी वर्षं शून्याच्या वर, एका ओळीत. हे पाहून 'लाभार्थी गावं आधीपासूनच पुढे होती' असा अर्थ लावतात. बहुतेकदा खरं कारण पायाच्या वर्षात असतं. टंचाईच्या कामांसाठी गावाची निवडच वाईट वर्षावरून होते. पैसेवारी 50 च्या खाली गेली की गाव यादीत येतं. म्हणजे पायाचं वर्ष त्या गावासाठी नेहमीपेक्षा खोल गेलेलं. पुढच्या वर्षी ओलित आपसूक पूर्वपदावर येतं, आणि ती वाढ कामाच्या नावावर जमा होते. अर्थशास्त्रात याला अशेनफेल्टर डिप म्हणतात. यावर नवं सूत्र शोधण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी पैसेवारी तितकीच खाली गेलेली, पण नंबर उशिरा लागलेली गावं तुलनेला घ्या, आणि पाया म्हणून एकाऐवजी कामाआधीच्या तीन-चार वर्षांची सरासरी वापरून आकडा किती हलतो ते पाहा. खूप हलला तर दोन्ही आकडे छापा.

इशारा: नाल्याच्या खालच्या अंगाला असलेलं शेजारचं गाव तुलनेच्या यादीत असेल तर त्याच्या विहिरींनाही पाझर मिळालेला असू शकतो, किंवा वरच्या बांधाने त्याचं पाणी अडलेलं असू शकतं. पहिल्या प्रकारात परिणाम कमी दिसतो, दुसऱ्यात जास्त. लाभार्थी गावाला लागून असलेली गावं वगळून आकडेमोड एकदा परत करा.

## अहवालात काय लिहायचं

मुख्य तक्त्यात गट-वर्षाचे परिणाम, त्याखाली निवडलेली सरासरी आणि ती का निवडली याचं एक वाक्य. टू-वे गुणांक द्यायचाच असेल तर शेजारी विघटनाचा तक्ता द्या, म्हणजे वाचणाऱ्याला 12.5 आणि 21.7 मधलं अंतर कुठून आलं ते दिसेल. तुलनेची गावं कोणत्या तालुक्यांतली, किती, कोणत्या वर्षापर्यंत उपलब्ध होती. कामाचं वर्ष कोणत्या कागदावरून ठरवलं. किती गावं आकडे नसल्यामुळे गळली. ज्या वर्षी सगळ्याच गावांत काम झालेलं होतं, त्या वर्षापासून पुढचे रकाने तक्त्यात मोकळे ठेवा आणि खाली लिहा: तुलनेला गाव उरलं नाही.